यादीतलं चौथं नाव

पडेगावच्या आमच्या घरात रोज दुपारी इंटरनेट रांगायला लागायचं. इंटरनेट कंपनीच्या तक्रार विभागातल्या बाईंवर मी आठवडाभर फोनवरून ओरडत होतो. शेवटी त्या शांतपणे म्हणाल्या, “राउटरचं वाय-फाय बंद करा आणि लॅपटॉपला थेट केबल लावून बघा. तरीही स्लो असेल तर चूक आमची.”

बघितलं. स्पीड पूर्ण होता. वाय-फाय सुरू केलं, तसं केबलवरचंही पुन्हा मंदावलं. म्हणजे घरातलंच काहीतरी लाइन खात होतं. राउटरला काय काय जोडलंय त्याची यादी उघडली. माझा लॅपटॉप, माझा फोन, अम्मीचा फोन. चौथं नाव अब्बांच्या फोनचं होतं.

अब्बांना जाऊन वर्ष झालं होतं.

फोन त्यांच्या उशीखाली सापडला, चार्जरला लावलेला, चांगलाच तापलेला. त्यातले व्हिडिओ एकामागून एक क्लाउडवर चढत होते. शेवटचा कालचा होता. त्यात अब्बांची रिकामी खुर्ची होती, मग स्वयंपाकघर, आणि मग पाठमोरा मी, फोनवर ओरडणारा.

दारात अम्मी उभी होती.

“दुपारी त्यांना घर दाखवते,” ती म्हणाली. “तू लई चिडायला लागलास. त्यांना आवडत नाय.”