मी ‘लौ’ वाचलं, ‘इन’ सांगितलं

औरंगपुऱ्याच्या मागं माझं भाषांतराचं छोटं दुकान होतं. अरबी कागद इंग्रजीत करून द्यायचो. आधी ग्राहकाला मजकूर तोंडी सांगायचा, मग टाइप करायचा आणि ‘मुळाबरहुकूम’ असा शिक्का मारून सही करायची, ही माझी पद्धत.

एका दुपारी बजाजनगरची एक बाई आली. नवरा वेल्डर, चार वर्षांपासून आखातात. आधी पत्रं बंद झाली, मग फोनही. तिनं नवऱ्याच्या तिथल्या मालकाला पत्रानं विचारलं होतं, त्याचं उत्तर आलं होतं. फुलंब्रीचे भाऊ तिला खोली सोडून माहेरी ये म्हणत होते. राहायचं की जायचं, हे ती या कागदावर ठरवणार होती.

पत्रात एकच कामाचं वाक्य होतं आणि ते ‘लौ’नं सुरू होत होतं. अरबीत ‘जर’ तीन तऱ्हेचं असतं. होईल किंवा होणार नाही, तिथं ‘इन’. होणारच असं धरलेलं असतं, तिथं ‘इज़ा’. जे झालेलंच नाही, तिथं ‘लौ’. मालकानं लिहिलं होतं, त्याला परतायचं असतं तर आम्ही पाठवलं असतं. म्हणजे त्याला परतायचं नव्हतं.

बाई माझ्या तोंडाकडं बघत होती. मी म्हणालो, “त्याला परतायचं असेल तर पाठवू, असं लिहिलंय.”

तोंडी सांगितल्यावर टाइपही तसंच करावं लागलं. ‘हॅड वॉन्टेड’ आणि ‘वुड हॅव सेंट’च्या जागी ‘वॉन्ट्स’ आणि ‘विल सेंड’ बसवलं. शिक्का मारला. नंतर चहा प्यायलो.

ती खोलीतच राहिली. भावजया विचारायच्या, दुबईचा कागद कधी पिकणार? हे तिनंच दीड वर्षानं हसत सांगितलं, परत आली तेव्हा. भावांनी आता शेवटचं विचारलं होतं. तिला मालकाला पत्र लिहून हवं होतं: तुम्हीच लिहिलंत, त्याला यायचं असेल तर पाठवू, मग एकदा त्याला विचारा.

मी कागद ओढला. मालकाचं वाक्य त्याला परत लिहून दाखवायचं होतं आणि तसं वाक्य त्यानं कधी लिहिलंच नव्हतं. ‘तुम्हीच लिहिलंत’ एवढं अरबीत लिहून मी थांबलो. मग तिला सगळं सांगितलं.

तिनं पिशवीतून मालकाचं पत्र आणि माझं जुनं भाषांतर काढलं.

“तुम्हाला त्याच दिवशी कळलं व्हतं?”

“हो.”

“मला रडू आलं असतं म्हणून?”

मी मान डोलावली.

“मी नसते रडले, भाऊ,” ती म्हणाली. “मला ठाऊकच व्हतं. कुणीतरी तसं लिहून द्यायला पाहिजे व्हतं.”

मग तिनं खरं भाषांतर मागितलं, भावांना दाखवायला. मी टाइप केलं, शिक्का मारला. तिनं जुना कागद टेबलावर ठेवला आणि फुलंब्रीची बस किती वाजता आहे ते विचारलं. मला ठाऊक नव्हतं.