एका शिताचा निकाल

जिल्हा निवड स्पर्धेतला तो उपांत्य सामना आठवला की अजून डोकं तापतं. मी नाशिकला बॅडमिंटन शिकवतो. माझ्या विद्यार्थिनीचा खेळ चिवट. सुरुवातीला मागे पडते, मग समोरचीला दमवून जिंकते. नियमाने एकवीस गुणांचे तीन गेम, दोन जिंकेल ती पुढे. पण संध्याकाळी हॉल कुणाच्या तरी लग्नाच्या संगीताला दिलेला! म्हणून संयोजकांनी ऐनवेळी पंधरा गुणांचा एकच गेम ठेवला. ती तेरा-पंधरा हरली.

मी भांडायला गेलो. संयोजक हसून म्हणाले, "नियम दोघींना सारखाच होता ना, सर? शितावरून भाताची परीक्षा होते."

"अहो, भात एका पातेल्यात शिजतो, इथे प्रत्येक गुण वेगळा शिजतो! सरस खेळाडू शंभरात पंचावन्न गुण घेणार. एवढ्याशा गेममध्ये दोन-चार फटके नशिबाने पडले की तो फरक बुडाला. आखूड सामना कमजोर खेळाडूच्याच पथ्यावर पडतो."

त्यांनी ऐकलं असेल तर शपथ. जिंकलेली पोर मात्र शेजारी उभी राहून सगळं ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्याला पाहुणे येणार, म्हणून पुन्हा तीन गेम! त्या पोरीने पहिला गेम जिंकला आणि पुढचे दोन्ही घालवले. रॅकेट पिशवीत कोंबून ती थेट संयोजकांसमोर उभी राहिली.

"सर, काल एकच शीत चेपलंत. मग आज माझ्या वेळी अख्खं पातेलं का उपसलंत?"