व्याह्यांना लिहिलेलं सरकारी पत्र

कामशेतपलीकडे धरणाच्या कडेला एक गाव आहे, तिथल्या विकास सोसायटीचे अध्यक्ष रखमाजी. माणूस हाडाचा सरळ, पण मान म्हणाल तर तसूभरही वाकायची नाही. पत्रं मात्र स्वतः लिहायचे. सचिवाच्या टायपिंगवर त्यांचा विश्वास नव्हता.

त्या वर्षी इंद्रायणी भाताचं बियाणं खरेदी-विक्री संघाकडून मागवायचं होतं. रोहिणीत रोपाला बी पडलं नाही तर सगळ्या गावाची लावणी मागं पडणार. रखमाजींनी कागद घेतला, जावक क्रमांक घातला, दिनांक टाकला आणि पेन अडलं. संघाचे नवे व्यवस्थापक होते माऊलीराव, म्हणजे रखमाजींचे व्याही. पोरांच्या लग्नात या गृहस्थांनी भर मांडवात उभं राहून रखमाजींचा फेटा विटका असल्याचं सांगितलं होतं. तेव्हापासून बोलणं बंद. आता त्यांना 'माननीय' म्हणायचं आणि खाली 'आपला विश्वासू' म्हणून सही करायची? रखमाजींनी ते नाही म्हणजे नाहीच केलं. 'बियाणे पाठवावे' एवढंच लिहून खाली नुसती सही ठोकली.

आठवड्यानं पत्र परत आलं. वर लाल शेरा: 'प्रति, विषय नाही. अर्जदाराचे पदनाम व शिक्का नाही. पूर्तता करून फेरसादर करावे.' रखमाजींच्या अंगाचा तिळपापड झाला. व्याह्यानं सूड घेतला, असं ते घरभर सांगत फिरले.

त्यांची बायको झुंबरबाई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "शेरा बरोबरच हाय की. नाव कशाला घालताय? खुर्चीला ल्हिवा. खुर्ची काय तुमचा व्याही न्हाई."

दुपारी रखमाजी दार लावून नवं पत्र लिहायला बसले. प्रति, मा. व्यवस्थापक. विषय: खरीप हंगामासाठी भात बियाणे मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती की, आमच्या सभासदांसाठी सोबतच्या मागणीपत्रकाप्रमाणे बियाणे उपलब्ध करून द्यावे, ही विनंती. कळावे, आपला विश्वासू, अध्यक्ष. शिक्का इतका दाबला की टेबलावरही उमटला.

बियाणं मंजूर झालं. उचलायला रखमाजी स्वतः टेम्पो घेऊन गेले. माऊलीराव गोदामाच्या दारातच उभे होते. दोघांनी एकमेकांना साहेब, साहेब म्हणत चलनावर सह्या केल्या. मग माऊलीरावांनी हळूच विचारलं, "घरचं समदं बरं हाय ना?"

"त्यो विषय ह्या पत्रात न्हाई, साहेब. त्याला येगळं पत्र लागंल."

माऊलीराव हसले आणि टेबलावरचा कोरा कागद पुढं केला. "मग हितंच ल्हिवा. उत्तर लगेच देतो."

रखमाजी पोत्यावर टेकले. मग त्यांनी लिहिलं, 'व्याहीबुवा, ह्या बियाण्याचा पहिला भात शिजंल तवा जेवायला या. फेटा नवा घेऊन ठेवतो.' आणि कागद पुढं करताना त्यांचे डोळे भरून आले, याची त्यांना स्वतःलाच फार लाज वाटली.