उमेदमल शेठने खोडलेली चोवीस मिनिटं

गिरधरभाऊच्या आणि माझ्या घराची भिंत एकच. त्यांच्याकडे भाजीला फोडणी पडली की खोकला आमच्याकडे. तेव्हा त्या माणसाबद्दल बोलायचा हक्क मला आहे. हक्क नसता तरी बोललोच असतो, हे नंदुरबारात सगळ्यांना ठाऊक आहे.

गिरधरभाऊ स्टेशनात तारबाबू. बापाची प्रकाशाकडे तापीकाठची काळी जमीन, पण हा मॅट्रिक होऊन तारेच्या कट्‌कट्‌ला लागला. अंगाने वाळकी शेंग, चेहरा असा की नेहमी कुणाच्या तरी दशक्रियेहून आल्यासारखा. त्याला एकच वेड, वेळेचं. खिशात एक वही, तिच्यात गावांची नावं आणि पुढे मिनिटं. मुंबई एकोणचाळीस मागे. कलकत्ता चोवीस पुढे. रंगून एक तास पुढे.

मी त्याला छळायचो. "भाऊ, वहिनी रुसली तर किती मिनिटं पुढे?"

तो हसायचा नाही. समजावायला बसायचा. सगळ्या रेल्वेचं घड्याळ एकच, साडेब्याऐंशी अंशाच्या रेघेवरचं. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. कलकत्ता त्या रेघेच्या पूर्वेला जवळजवळ सहा अंश, म्हणून तिथला सूर्य आधी वर येतो. रेल्वेने आणि बहुतेक देशाने एक वेळ धरली, तरी कलकत्त्याच्या गावकऱ्यांनी आपली चोवीस मिनिटं सोडली नाहीत. गाडी चालते रेल्वेच्या घड्याळावर, शहर चालतं शहराच्या. मी जांभई द्यायचो. सन चौतीसच्या मार्गशीर्षापासून त्या विषयावर जांभई देणं मी सोडलं.

आमच्या समोर उमेदमल शेठची पेढी. शेठ मारवाडातून आलेल्या आजोबांचा नातू. पोट पुढे आणि मत त्याच्याही पुढे. त्यांचा मुलगा नथमल कलकत्त्याला नातलगाच्या गादीवर, म्हणजे पेढीवर, कामाला होता. सून लाडकंवर बाळंतपणासाठी इकडे आली, मुलगी झाली, मुलगी आठ महिन्यांची झाली, पण बापाने तिचं तोंड पाहिलेलं नव्हतं. आणि अचानक गादीने नथमलला तीन वर्षांसाठी रंगूनला धाडायचं ठरवलं. त्याचं पत्र आलं: बोट गुरुवारी साडेआठला सुटते, पण मला कलकत्त्याच्या आठला बोटीवर चढावंच लागेल. स्टेशनापासून घाट पाऊण तासावर. लाडकंवर आणि पोर वेळेत पोचत असतील तरच गुरुवारच्या गाडीने आणा, नाहीतर एक दिवस आधी आणा. आणि पोचायची वेळ तारेने कळवा.

शेठ तार करायला स्टेशनात आले तेव्हा मी तिथेच होतो. मी नेहमीच तिथे असतो. शेठनी सांगितलं, "मंगळवारी निघणार, गुरुवारी सातला पोचणार. लिहा, बाबू."

गिरधरभाऊने तारेचा कागद भरला आणि आकडा टाकला, ७-२४.

"हे चोवीस कशाला?"

"शेठ, टाइमटेबलात सात छापेल शे ते रेल्वेनं. कलकत्ताना घड्याळमा तव्हय सात चोवीस व्हयेल राहतीन. वर पाऊण तास धरा, आठ वाजीसन नऊ मिनिटं. नथमलशेठ त्याना पयले बोटवर चढी जाई."

"अरे बाबू, कलकत्त्याला काय दुसरा सूरज हाय?"

"सूर्य एकच शे, पन तो पयले तठे निंघस, मंग आपले. सोमवारनी गाडीवर धाडा त्यास्ले. एक दिवस हातमा राही."

"सोमवारी पूर्वेला? अशुभ! दिशाशूल!" शेठनी कानाला हात लावला.

मी मध्ये तोंड घातलं. "शेठजी, त्याला तोड आहे. रविवारीच एक गाठोडं माझ्या घरी ठेवा, प्रस्थान झालं. सोमवारी सूनबाई खुशाल निघू देत. गाठोड्यात लाडू असतील तर मात्र मी जबाबदार नाही."

शेठच्या घरी असं प्रस्थान दहा वेळा झालं होतं. दर वेळी गाठोडं आमच्याकडेच! पण चार माणसं ऐकत होती, आणि तारबाबूने चूक दाखवली हे शेठना जड गेलं. त्यांनी गिरधरभाऊच्या हातातली लेखणी घेतली, २४ वर आडवी रेघ ओढली आणि खाली सही ठोकली. "उमेदमलला गाडीची वेळ बी कळत नाही, असं म्हणतील लोक. जा, पाठव."

गिरधरभाऊचा हात यंत्रावर थांबला. पण तार पाठवणाऱ्याची. जे लिहिलंय तेच धाडायचं, हा नियम. त्याने धाडली. त्या रात्री भिंतीपलीकडे ताट वाजलंच नाही.

पुढचं लाडकंवरसोबत गेलेल्या अनोखीबाईने, म्हणजे शेठच्या बहिणीने, माझ्या बायकोला सांगितलं. गाडी अगदी वेळेवर पोचली. टांगा केला, पुलावर गर्दी लागली नाही, घोडा चांगला पळाला. काही म्हणजे काही चुकलं नाही. घाटावर पोचल्या तर आठ वाजून नऊ मिनिटं. मिनिटालाही गिरधरभाऊ चुकला नव्हता! नथमल तारेतले सात कलकत्त्याचेच समजून आठपर्यंत काठावर उभा होता, सातच्या गाडीची माणसं अजून कशी नाहीत म्हणून गर्दीत शोधत होता. मग चढला. बोटवाल्यांनी चढायची फळी वर घेतली. लाडकंवरने पोरीला दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं. वरून कुणीतरी रुमाल हलवला. तो नथमलच होता की दुसरा कुणी, हे तिला आजही ठाऊक नाही.

आणि शेठ काय म्हणाले असतील? "तारबाबूने वेळ चुकीची सांगितली!" बाजारभर सांगत सुटले. वर रेल्वेकडे तक्रारअर्जही केला. ज्या माणसाने चार माणसांत पाया पडल्यासारखं सांगितलं, त्याच्याच नावाने! मी चेष्टेखोर आहे, पण खोटारडा नाही. तो धंदा मी पेढीवाल्यांना सोडलाय.

चौकशीला साहेब आला. गिरधरभाऊने कपाट उघडलं. तारेचा कागद काढून पुढे ठेवला. त्याच्या अक्षरातले ७-२४, त्यावरची जाड रेघ, आणि रेघेखाली शेठची सही. साहेब कागदाकडे बघत राहिला, मग शेठकडे. अर्ज तिथेच फाटला. पण बाजारभर झालेल्या बदनामीची माफी कोण मागणार? कुणीच मागितली नाही. लोक अजून त्याला 'चोवीस मिनिटं' म्हणतात, आणि खोडणाऱ्याला शेठजी!

माफी मागितली ती एका बाईने, मागायची गरज नसताना. परतल्या दिवशी लाडकंवर पदर पुढे ओढून तारेच्या खिडकीशी आली. पोर कडेवर.

"बाबूजी, माफ करा. तुम्ही खरं बोललात. आता एकच सांगा. रंगूनला या घडीला किती वाजले?"

गिरधरभाऊने वही काढलीच नाही. "आपलापेक्षा एक तास पुढे, बाई. आपले चार, तठे पाच."

ती घरी गेली. स्टूल घेतलं, आणि दिवाणखान्यातल्या मोठ्या घड्याळाचे काटे एक तास पुढे नेले. सासऱ्यांनी विचारलं तर म्हणाली, "पोरीच्या बापाचं घड्याळ आहे ते. कुणी हात लावायचा नाही." शेठ हात लावायला गेले. अनोखीबाई आडवी उभी राहिली. म्हणजे झालंच.

महिन्याभराने शेठना सकाळच्या गाडीने सुरतेला जायचं होतं. सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि धावत सुटले. धोतर सावरत, घाम पुसत स्टेशनात आले. फलाट मोकळा. मी होतो, एक कुत्रं होतं, आणि खिडकीत गिरधरभाऊ.

"गाडी गेली काय रे, बाबू?"

"नही शेठ. अजून एक तास शे."

शेठ बाकावर बसले. मला राहवेना. "शेठजी, सूर्य एकच ना?"

गिरधरभाऊने माझ्याकडे डोळे वटारले, आतून पाण्याचा तांब्या आणला आणि शेठपुढे धरला. त्याच्या जागी मी असतो, तर तांब्या चोवीस मिनिटांनी आणला असता.