दोन काचांमधलं पोर

आईबाबांच्या लग्नाला बरीच वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. आमचा मळा खामगावपासून बैलगाडीच्या अंतरावर. बाबा वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर घेऊन बाजाराला जात. एकदा आईही सोबत होती. भाजी लवकर खपली म्हणून दोघं एका स्टुडिओत फोटो काढायला गेले. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती, आणि नवराबायकोनं स्टुडिओत जाणं ही आमच्या गावात बोलायची गोष्ट होती.

फोटोग्राफरनं मुलाबाळांची चौकशी केली. बाबांनी नुसती नकारार्थी मान हलवली. तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, दोघांचे येगयेगळे फोटो द्या मले. तुमचं पोरगं कसं दिसंन ते काढून देतो." 

पुढच्या बाजाराला बाबा ते चित्र घेऊन आले. दोनेक वर्षांचा मुलगा, गोरा, गोल गालांचा, कुरळ्या केसांचा, अंगात झालरीचा सदरा. ओठांना आणि गालांना हातानं भरलेला गुलाबी रंग. आईनं ते देवघराच्या शेजारी लावलं. वर्ष-दीड वर्षानं तिला दिवस गेले, तेव्हा शेजारणींनी सांगितलं की बाई जे पाहते तसं पोर होतं. आई रोज सकाळी त्या चित्रासमोर बसायची. दळण राहायचं, चहा निवायचा, पण ती बसायची.

मग मी झाले. मुलगी. रंगानं काळी, जबडा रुंद, भुवया जाड, कान बाहेर आलेले.

बारशाला माझी आत्या आली होती. बाबांची मोठी बहीण. त्यांची आई लहानपणीच गेल्यामुळे बाबांना तिनंच वाढवलेलं, त्यामुळे तिचा शब्द घरात मोठा. तिनं मला मांडीवर घेतलं, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "कोनावर गेली वं हे पोट्टी?" असं ती म्हणाली, आणि बायका हसल्या. हे मला आईनं नंतर सांगितलं. हसली नाही ती एकटी आईच.

मला आठवतं तेव्हापासून ते चित्र तिथंच होतं. कुणी पाहुणा आला की विचारायचा, हा मोठा का? मग आईला सगळं सांगावं लागे, आणि सांगून झालं की पाहुणा माझ्याकडे वळून पाही. त्या पाहण्याची मला लाज वाटायची. चोरी केल्यासारखं वाटायचं. कुणाची तरी जागा ठेवलेली होती आणि मी मधेच येऊन बसले, असं. मी गाल फुगवून बसायची सवय लावून घेतली होती. कान केसांखाली दाबायची. आईनं एकदा ते पाहिलं आणि विचारलं, "हे काऊन करतं?" मी सांगितलं नाही. पण तिला कळलं असावं, कारण ती उठून बाहेर गेली आणि बराच वेळ विहिरीजवळ उभी राहिली.

तिचं ओझं वेगळंच होतं. आपण नीट पाहिलं नाही, आपलं ध्यान ढळलं, म्हणून पोरगी अशी झाली, असं तिला वाटे. माझ्या तोंडाला ती दुधाची साय चोळायची आणि चोळताना माझ्या डोळ्यांत बघायची नाही.

मी शाळेत तिसरीला असेन. आत्या दिवाळीला आली होती. अंगणात दोन शेजारणी बसल्या होत्या. बोलता बोलता माझ्या रंगावर विषय आला आणि आत्या म्हणाली, "मानसाची जीभ खोटं बोलते. फोटो नाई बोलत. मायबापाचं पोर कसं दिसाले पाह्यजे, ते भिंतीवर टांगलं हाय."

पुढचं बोलायची गरज नव्हती. एका शेजारणीनं पदर तोंडाला लावला. आई चुलीपुढे होती, तिच्या हातातली पोळी तव्यावर करपली तरी ती हलली नाही. मला त्या वाक्यातलं सगळं तेव्हा समजलं नाही, पण आईला माझ्यामुळे काहीतरी लागलं, एवढं समजलं.

बाबा गोठ्याकडून आले होते. त्यांनी ऐकलं होतं. ते आत गेले, चित्र खिळ्यावरून काढलं, धोतराच्या फडक्यात गुंडाळलं आणि आत्याला म्हणाले, "बाई, उद्या खामगावले जाऊ. तूही चाल."

"मी काऊन?"

"तू बोलली म्हनून."

बाबा तिच्याशी असं कधी बोलत नसत. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं बैलगाडीत बसून निघालो. माझ्यामुळे सगळ्यांना गाडीत बसावं लागलं असं मला वाटत होतं, म्हणून मी पाणीसुद्धा मागितलं नाही.

फोटोग्राफर आता जाड झाला होता, पण त्यानं चित्र लगेच ओळखलं. "हाव, हे माह्यंच काम," तो खुशीत म्हणाला. मग बाबांनी मला पुढं केलं आणि आत्याचं वाक्य त्याला जसंच्या तसं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. तो खुर्चीतून उठला.

"भाऊ, हा फोटो नव्हे," तो म्हणाला. "हा माहा अंदाज हाय."

"मंग तेव्हा काऊन नाई सांगतलं?" बाबांनी विचारलं.

त्यानं मागच्या फळीवरून एक खाचांची पेटी काढली. गिऱ्हाइकांच्या फोटोच्या काचा, म्हणजे निगेटिव्ह, तो वर्षानुवर्षं जपून ठेवायचा. त्यातून आईची आणि बाबांची काच शोधून त्यानं आम्हाला आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं. दार बंद झालं, लाल दिवा लागला. औषधांचा आंबट वास होता. आत्यानं माझा दंड धरला.

त्यानं बाबांची काच यंत्रात घातली. खालच्या पांढऱ्या कागदावर बाबांचं तोंड पडलं, पण उलटं. चेहरा काळा, केस पांढरे. आत्या "अगं माय" म्हणाली. फोटोग्राफरनं पेन्सिलीनं डोळे, नाक, तोंड कुठं आहे त्याच्या खुणा केल्या. मग आईची काच घातली आणि यंत्र खालीवर करून आईचे डोळे बाबांच्या डोळ्यांच्या खुणांवर आणले.

"आता पाहा," तो म्हणाला. "डोये जुयले. तोंड जुयलं का?"

नव्हतं जुळलं. बाबांचं तोंड लांबट. त्यांच्या ओठांची खूण आईच्या हनुवटीपाशी आली होती.

"म्हंजे दोन तोंडं येनार. येक झाकाच लागते. मी भाऊंचं झाकलं, हातात पुठ्ठा धरून. नाई तरी त्यांच्या मिशीखाली ओठ कसा हाय, मले काय माहीत? वैनीच्या कपायाचं कुंकू झाकलं, नथ झाकली. दोघांचा उजेड अर्धा अर्धा दिला. त्यातून जे निंघालं ते काई पोर नव्हतं. मोठ्या मानसाचंच धुरकट तोंड होतं. मंग मी ब्रशनं गाल भरले, डोये मोठे केले, कपाय वाढोलं. सदरा दुसऱ्याच पोराचा. रंग माह्या मनचा."

"आन् पोरगा?" आईनं विचारलं. ती प्रथमच बोलत होती.

"तो बी माह्या मनचा, वैनी. लोकायले तेच आवडते."

मग त्यानं न विचारताच दोन कागद छापले. एकावर डोळे जुळवून, आईला जास्त उजेड देऊन. दुसऱ्यावर हनुवटी जुळवून आणि बाबांना जास्त. कागद तबकातल्या औषधाच्या पाण्यात टाकले आणि आम्ही वाकून पाहत राहिलो. आधी काही नव्हतं, मग भुवयांची सावली आली, मग डोळे. त्याच दोन काचा, पण तबकात दोन वेगळीच माणसं वर आली. एकमेकांची भावंडंसुद्धा वाटली नसती.

"यातलं खरं कोनतं?" आत्यानं विचारलं.

"कोनतंच नाई," तो म्हणाला. "माहे दोन पोरं हायेत, मावशी. मायबाप तेच, पन येकाचं तोंड दुसऱ्याशी मियत नाई. येका कागदावर येकच चित्र येनार. पोरं तर किती तरी तऱ्हेची होऊ शकतात. कोनाचं काय उतरंन, अर्धं अर्धं मोजून थोडंच येते? आज्याचं येते, पंजीचं येते. त्यायच्या काचा माह्यापाशी कुठं हायेत?"

बाहेर आल्यावर उजेडानं डोळे दिपले. फोटोग्राफरनं आम्हा तिघांचा फोटो काढला, आणि काढताना माझे कान केसांखालून हळूच बाहेर काढले. आईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो फोटोतही आहे.

परतताना गाव जवळ आलं तेव्हा आत्या बाबांना म्हणाली, "आपल्या मायचा जबडा असाच होता वाटते."

"वाटते का होता?"

"मले आठोत नाई रे नीट," आत्या म्हणाली आणि रडायला लागली. "तिचा फोटोच नाई. मी रोज आठोयाले पाह्यतो, पन तोंडच येत नाई. हिचं पाहून वाटलं, असंन. पयल्या दिवशीच वाटलं होतं. पन खात्री नव्हती, म्हनून बोलली नाई."

"दुसरं तं बोलली," बाबा म्हणाले.

आत्यानं आईचा हात धरायला हात पुढं केला. आईनं तो धरू दिला. मग ती शांतपणे म्हणाली, "बाई, आता कोनासारखी नोका म्हनू तिले. तेही नोको."

आत्या त्यानंतर दर सणाला आली, माझ्यासाठी परकराचं कापड आणत राहिली. आईशी ती जपून बोलायची. शेजारणींना तिनं स्वतः जाऊन सांगितलं की माझी चूक झाली. पण बोललेलं गावातून पूर्ण पुसलं गेलं असं मी म्हणणार नाही. माझ्या सोयरिकीच्या वेळी पुन्हा एकदा कुणीतरी कुजबुजलंच. बाबा आयुष्यभर स्वतःलाच दोष देत राहिले. मी चित्र घरात आणलं नसतं तर, असं ते सुरू करायचे आणि वाक्य सोडून द्यायचे.

ते चित्र पुन्हा भिंतीवर गेलं नाही, आणि फेकलंही गेलं नाही. आईनं ते पेटीत लुगड्यांच्या खाली ठेवलं. बाबा गेल्यानंतर एकदा पेटी आवरताना ते माझ्या हाती आलं. मी तिला विचारलं, "ठेवायचं का हे?"

तिनं ते मांडीवर घेतलं. "याचं काय चुकलं?" ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "माहं चुकलं. तू पाळन्यात असाची, अन् मी याच्याकडं पाहून तुले पाहो. कुठं कमी पडली ते पाहो. तुले अशी, नुसती, मी पाह्यलीच नाई."

मी तिला म्हणाले की मलाही वाटायचं, मी उगाच आले. तुझं ठरलेलं पोर मी येऊ दिलं नाही. हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. तिनं तोंडावर हात घेतला. दोघी त्या पेटीपाशी बसून राहिलो, एकमेकींकडे न बघता.

मग तिनं माझ्या पिकायला लागलेल्या केसांवरून हात फिरवला आणि विचारलं, "लहानपनी तुहे केस कुरये होते का गं? याचे होते ते मले ध्यानात हायेत. तुहे नाई."

मलाही माहीत नव्हतं. पाळण्यातला माझा फोटो नाही, आणि सांगणारं आता दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"होते," मी म्हणाले.