गोल्डसाठी चार डोकी

"चार उरतात. मोजून चार. मग एवढा गोंधळ कशाला?" असं म्हणत धाकट्याने कागद जेवणाच्या टेबलावर आपटला.

"चार सर्टिफिकिटं उरतात, भावजी. माणसं तीनच उरतात," वहिनी म्हणाली. हे ती तिसऱ्यांदा सांगत होती आणि पोळ्या लाटणं थांबलं नव्हतं.

खाली ऑफिस, वर घर. दोघा भावांची अकरा माणसांची कंपनी होती. इस्पितळं, शाळा, गोदामं अशा ठिकाणी नेटवर्क बसवून द्यायचं आणि मग ते सांभाळायचं, हा धंदा. ज्या मोठ्या कंपनीची यंत्रं ते विकत, तिने त्यांना गोल्ड पार्टनरचा दर्जा दिला होता. त्यासाठी तिची परीक्षा पास झालेली चार माणसं पगारावर हवीत, अशी अट होती. दरवर्षी ठरलेल्या तारखेला मोजणी व्हायची. त्या दिवशी चार भरले नाहीत तर दर्जा एक पायरी खाली. यंदा ती तारीख चव्वेचाळीस दिवसांवर होती. तिच्या मागोमाग शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या नव्या इमारतीचं टेंडर भरायचं होतं, आणि टेंडरमध्ये स्वच्छ लिहिलं होतं: गोल्डच्या खालच्यांनी अर्ज करू नये.

आणि काल त्यांच्या सगळ्यात जुन्या इंजिनिअरने राजीनामा दिला होता. तो महिन्याभरात, म्हणजे मोजणीच्या आधीच, जाणार होता.

"त्याच्याकडे दोन होती," धाकटा म्हणाला. "सहातून दोन गेली. चार."

"उरलेल्या चारांतली दोन एकाच माणसाची आहेत. ते सर्टिफिकिटं मोजत नाहीत, माणसं मोजतात."

कोपऱ्यात चहा पीत बसलेल्या सासूबाईंनी कप खाली ठेवला. "एक पोरगा दोनदा जेवला म्हणून मी दोन पोरं धरायची का रे?"

थोरल्याने, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याने, कागद उचलून निरखून पाहिला. त्यावर खरोखरच एक नाव दोनदा होतं.

"हे आधी का नाही सांगितलंस?" त्याने विचारलं.

"दोन वर्षं सांगतेय. चार लागतात तर सहा तयार ठेवा, म्हटलं. तुम्ही म्हणालात, परीक्षेला पाठवलं की साइटवरचा माणूस कमी होतो."

तो चष्मा पुसू लागला. घरात एखादा मुद्दा हरला की त्याचा चष्मा फार मळत असे.

दुपारपर्यंत सगळ्या वाटा चाचपून झाल्या. पास झालेला माणूस बाहेरून घ्यावा, तर असा कुणीही जुन्या कंपनीला दोन महिन्यांची नोटीस दिल्याशिवाय सुटत नव्हता. आपल्यातला एक परीक्षेत दोनदा आपटला होता आणि आता त्याला पुस्तक दाखवलं तरी घाम फुटत होता. दुसरा परगावच्या गोदामावर अडकला होता, दोन महिने हलणार नव्हता.

"मग मी बसते," वहिनी म्हणाली.

धाकटा हसला. वाईट अर्थाने नव्हे, पण हसला. "वहिनी, ती फोन घ्यायची परीक्षा नाही."

एकोणीस वर्षं ती खालच्या ऑफिसात फोनच घेत होती. पगारपत्रकावर तिचं नाव ऑफिस सहायक म्हणून होतं. पण त्या फोनवर काय चाले, ते गिऱ्हाइकांना ठाऊक होतं. 'कुठला दिवा लागलाय? नारिंगी? स्थिर आहे की लुकलुकतोय? ती वायर काढून शेजारच्या खाचेत लावा बरं.' निम्म्या तक्रारी तिथेच मिटत, इंजिनिअरला गाडी काढावी लागत नसे. शिवाय सगळ्यांच्या परीक्षांचे नंबर लावणं, पास झाले की मोठ्या कंपनीच्या पार्टनर पोर्टलवर त्यांची नावं आपल्या कंपनीशी जोडणं, पुस्तक हातात धरून त्यांना प्रश्न विचारणं, हेही तीच करी. उत्तरं तिला आधीच येत होती. ती तिला कुणी विचारली नव्हती, इतकंच.

तिने कॅलेंडर काढलं. नापास झालं तर पंधरा दिवस थांबावं लागतं, हा नियम तिला पाठ होता. म्हणून तिने पहिला नंबर चोविसाव्या दिवशी लावला. आपटले तरी एकोणचाळिसाव्या दिवशी पुन्हा बसता येईल. निकाल पोर्टलवर उतरायला दोन दिवस. एकेचाळीस. हाताशी तीन दिवस उरत होते. स्वतःचं नाव कंपनीशी जोडायचं काम तिने त्याच दुपारी उरकलं. शेवटच्या दिवशी ते विसरून बोंब मारणारे तिने पाहिले होते.

मग अडगळीच्या खोलीतून दोन जुने स्विच, म्हणजे नेटवर्कच्या वायरी जोडायच्या पेट्या, वर आले आणि टेबलाच्या टोकाला बसले. घर त्यांच्या घुरघुरीत जेवू लागलं. जाणाऱ्या इंजिनिअरने आपण होऊन रोज एक तास दिला. कॉलेजात जाणाऱ्या लेकीने प्रश्न विचारायचं काम घेतलं.

"आई, दोनशे छप्पन पत्त्यांतले यंत्रांना किती देता येतात?"

"दोनशे चोपन्न. पहिला नेटवर्कचा, शेवटचा सगळ्यांना हाक मारायचा. ती भाजी हलव, लागेल."

चोविसाव्या दिवशी ती परीक्षा केंद्रावर गेली आणि नापास झाली. पास व्हायला आठशे गुण लागत. तिला सातशे साठ मिळाले. घरी आली तेव्हा धाकट्याने तोंड उघडलं, पण सासूबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"नेटवर्कचे तुकडे पाडायच्या गणितात गेले," वहिनीने निकालाचा कागद फ्रिजला चिकटवत सांगितलं. "बाकी ठीक आहे. पंधरा दिवस आहेत, ते त्यासाठीच ठेवले होते."

त्या पंधरा दिवसांत ती दुसरं काही बोलली नाही. दुधाच्या पिशवीवर, विजेच्या बिलाच्या मागे, लेकीच्या वहीच्या समासात सगळीकडे तुकडे पडले. थोरला सकाळी कुकर लावू लागला. किती शिट्ट्या, ते त्याला दोनदा विचारावं लागे, पण लावू लागला.

एकोणचाळिसाव्या दिवशी तिला आठशे बहात्तर मिळाले.

तिने फोन करून कळवलं नाही. खाली ऑफिसात आली, खुर्चीत बसली, वाजत असलेला फोन घेतला आणि एका शाळेचा बंद पडलेला प्रिंटर चालू करून दिला. मग निकाल नवऱ्याच्या टेबलावर ठेवला. त्याने तो वाचला आणि उभा राहिला. का उभा राहिला ते त्यालाच कळलं नाही. पलीकडे जो दोनदा आपटला होता, तो टाळ्या वाजवू लागला, मग सगळेच.

एकेचाळिसाव्या दिवशी पोर्टलवर तीनचे चार झाले. चव्वेचाळिसाव्या दिवशी मोजणी झाली, गोल्ड राहिलं, आणि त्याच आठवड्यात इस्पितळाच्या टेंडरमध्ये दर्जाचं पत्र जोडलं गेलं. महिन्याभराने काम त्यांनाच मिळालं.

त्या रविवारी सगळे टेबलाशी बसले होते. धाकट्याने मोठ्या मनाने कबूल केलं, "वहिनी, मानलं तुम्हाला. सुटलो बुवा एकदाचे. आता वर्षभर बघायला नको."

"मोजून चारच आहेत," ती म्हणाली. "उद्या एकाने राजीनामा दिला की पुन्हा तीन."

"मग आणखी कोणाला बसवणार? माणसं कुठायत?"

वहिनीने सगळ्यांना वाढून घेतलं, मग स्वतःच्या ताटाशी बसली.

"तुम्हा दोघांचे नंबर लावलेत. भावजी, तुमची परीक्षा एकोणीस तारखेला. यांची पंचवीसला. उद्या सकाळी सहापासून अभ्यास, याच टेबलावर."