दंडावरचा चुडा

बियाण्यांच्या जाहिराती करणाऱ्या एका एजन्सीने मला फोटोंचं काम दिलं, त्याला दोन हंगाम झाले. आजही आठवलं की शिसारी येते. बुकिंगच्या मेलवरच मी लिहून घेतलं होतं: फोटोंचा हक्क माझा, वापर फक्त पत्रकासाठी, एक वर्ष, फोटोत फेरफार नाही. त्यांनी ‘ओके’ म्हटलं. मग कोणते फोटो हवेत त्याची यादी, शॉटलिस्ट, आली. त्यात एक ओळ होती, ‘पारंपरिक वेशातली बंजारा बाई, हसरी.’ हसरी म्हणे! दिवसभर वाकून कापूस वेचणारीने यांच्यासाठी दात दाखवायचे.

घाटंजीजवळच्या तांड्यात एक म्हातारी तयार झाली. मी तिला याडी, म्हणजे आई, म्हणायचो. नवरा गेला तेव्हा तिने दंडावरचा चुडा उतरवला होता. तांड्यात तो फक्त सवाष्णी घालतात.

“फोटो कुठी लावान?” तिने विचारलं.

“पत्रकावर. बाकी कुठं नाही,” मी म्हणालो. तिने संमतीच्या कागदावर अंगठा दिला. ती हसली नाही, मीही हसवलं नाही.

आधी वॉटरमार्क टाकलेले छोटे फोटो पाठवले, त्यांनी निवडले, मग मोठ्या फाइली दिल्या. महिन्याभराने आर्णीच्या रस्त्यावर भलंमोठं होर्डिंग लागलं. त्यावर याडी होती. हसत होती. आणि तिच्या उघड्या दंडांवर कोपरापासून वर पांढरा चुडा चिकटवला होता.

तांड्यात गेलो तर ती घरातून बाहेर येईना. पाण्यावर बाया तिला विचारत होत्या, नवीन घरधनी कोण केला म्हणून.

“तू म्हनला होता, पत्रक,” ती आतूनच बोलली. “मले काहून फसवलं?”

एजन्सीला फोन लावला. “अहो, हात रिकामे दिसत होते,” तिथला साहेब म्हणाला. “पैसे दिलेत ना तुम्हाला?” मी त्यांचाच ‘ओके’ आणि संमतीचा कागद वकिलाच्या नोटिशीसोबत धाडला. तेव्हा कुठे होर्डिंग उतरलं. माफीचा एक शब्द नाही. उलट विचारलं, “चुडा घातलेली दुसरी बाई मिळेल का?” मी फोन कापला.

मी समजलो, संपलं. पण फ्लेक्स उतरवला की टाकतं कोण! बोरी अरबला एका खळ्यावर सोयाबीनच्या ढिगावर ताडपत्रीसारखी याडी पसरलेली दिसली. वापराच्या अटींत मी सगळं लिहिलं होतं, हे सोडून. खळेवाल्याला नवी ताडपत्री देऊन ती सोडवली आणि तांड्यात नेली.

याडीने बराच वेळ पाहिलं. मग विळा आणला आणि फ्लेक्सवरचे चुड्याचे दोन्ही दंड कापून चुलीकडे टाकले.

“जाळू नको, धूर वाईट असतो,” मी म्हणालो.

“मंग तूच ने,” ती म्हणाली. “तूच आनले होते.”

ते दोन दंड माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेत अजून आहेत.